साठ ताटं, अठ्ठेचाळीस जेवणारे

रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीमुळे शिरूर तालुक्यातल्या कारेगाव, ढोकसांगवीसारख्या गावांत भाड्याच्या खोल्या वाढल्या आणि खोल्यांमागोमाग मेस आल्या. दौंड तालुक्यात कुरकुंभच्या वसाहतीभोवतीही हेच चित्र आहे. बहुतेक मेस एखादं कुटुंबच चालवतं. बाई स्वयंपाक बघते, नवरा बाजारहाट आणि हिशेब बघतो, भाकऱ्यांना एक-दोन बायका मदतीला येतात. जेवणारे महिन्याचे पैसे भरतात, त्यामुळे किती माणसं जेवायची हे वहीत लिहिलेलंच असतं. रस्त्यावरच्या हॉटेलवाल्याला हे सुख नाही. तरीही रात्री अकराला पातेल्याच्या तळाशी भात उरतो, भाजी उरते आणि सकाळी ती गुरांच्या घमेल्यात जाते. वहीतला आकडा खरा असूनही अंदाज का चुकतो, हे या प्रकरणात पाहायचं आहे. मेसमधल्या नासाडीचा मोठा भाग तिथेच जन्माला येतो.

उरलेलं अन्न आधी वेगळं करून पाहायला हवं. पातेल्यात उरलं तर अंदाज चुकला. ताटात किंवा डब्यात उरलं तर वाढप चुकलं. टोपलीत, पोत्यात किंवा फ्रिजमध्ये खराब झालं तर साठवण चुकली. रात्री हे सगळं एकाच बादलीत पडलं की कोणती चूक किती महागात पडते ते कधीच कळत नाही. पंधरा दिवस तीन बादल्या ठेवाव्यात आणि रात्री ताणकाट्यावर तोलून वजन लिहावं. बहुतेक जण ताटातल्या उष्ट्यावर चिडतात, कारण ते डोळ्यांसमोर दिसतं. पातेल्यातलं अन्न झाकणाखाली असतं, म्हणून ते मनाला लागत नाही. वजन केल्यावर पातेलंच जड निघण्याची शक्यता मोठी असते.

समजून घेण्यासाठी एक नमुन्याची मेस घेऊ. साठ सभासद आहेत आणि मालकीण रोज साठ जणांचाच स्वयंपाक टाकते, कारण "कमी पडायला नको." गेल्या दहा बुधवारी रात्री प्रत्यक्ष जेवून गेलेल्यांचे आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत लावले तर असे दिसतात: ४३, ४५, ४६, ४७, ४८, ४८, ४९, ५०, ५२, ५५. सरासरी अठ्ठेचाळीसच्या जरा वर. म्हणजे दर रात्री जवळजवळ बारा ताटांचं अन्न जास्तीचं. एका ताटाला कच्चा माल ४० रुपयांचा धरला तर रोज रात्री ४६८ रुपये पातेल्यात राहतात.

आता ती साठऐवजी पन्नास जणांचा स्वयंपाक टाकते असं धरू. दहापैकी आठ रात्री अन्न पुरतं आणि सरासरी अडीच ताटांहून थोडं कमीच उरतं. ते झाले ९६ रुपये. एका रात्री ३७२ रुपये वाचले, तर सव्वीस दिवसांत साडेनऊ हजारांहून अधिक. अशा मेसमध्ये ही रक्कम एका मदतनीस बाईच्या पगाराच्या बरोबरीने मोजावी लागते. पण दहापैकी दोन रात्री अन्न कमी पडेल, एकदा दोघांना आणि एकदा पाच जणांना. मालकीण साठवर अडून बसते ती याच दोन रात्रींच्या भीतीने. ही भीती खोटी नाही. बारा तास कंपनीत उभं राहून आलेल्या मुलाला "जेवण संपलं" असं सांगावं लागलं तर तो पुढच्या महिन्यात शेजारच्या मेसमध्ये जातो. म्हणून अंदाज सुधारण्याआधी कमी पडण्यावरचा इलाज हाताशी हवा.

हा इलाज दौंड तालुक्यात फार जुना आहे. संत तुकाराम महाराजांची पालखी आषाढी वारीत यवतला मुक्कामाला असते आणि तिथला पिठलं-भाकरीचा बेत वारकऱ्यांना ठाऊक असतो. नेमके किती वारकरी जेवतील हे कोणालाच सांगता येत नाही, अशा ठिकाणी हाच बेत टिकून राहिला यात मला मोठं शहाणपण दिसतं. बेसन कोरडं असतं, त्यामुळे आज लागलं नाही तरी उद्या चालतं. पाणी, फोडणी आणि पीठ एवढ्यावर पंधरा-वीस मिनिटांत पिठलं तयार होतं. आधी थोडं करायचं, लागलं तर आणखी टाकायचं. चिरलेली आणि शिजलेली वांग्याची भाजी अशी थांबत नाही.

मेसमध्ये हेच करता येतं. पन्नास जणांचा स्वयंपाक टाकावा आणि पाच-सहा जणांच्या पिठल्याचं बेसन, चिरलेला कांदा, मिरची-लसणाचा ठेचा बाजूला ठेवावा. माणशी ४०-५० ग्रॅम बेसन लागतं, म्हणजे पाव किलोत पाच जण निभावतात. शेवटच्या पाच जणांना भाजीऐवजी गरम पिठलं मिळालं तर कोणी मेस सोडत नाही. हे महिन्यातून वारंवार घडायला लागलं तर मात्र शेवटच्या पाळीला येणारे तेच ते सभासद कुरकुर करतील, आणि ती कुरकुर रास्त असेल. आठवड्यात दोनदा पिठलं टाकावं लागलं तर अंदाज दोन-तीन ताटांनी वर न्यावा. दोन-दोन आठवडे बेसनाला हात लागला नाही तर अंदाज अजून खाली आणायला जागा आहे.

दहा बुधवारांचे आकडे कुठून आणायचे? त्यासाठी भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. रोजच्या चौकटीत सकाळी आणि रात्री प्रत्यक्ष किती जण जेवले ते दोन आकडे लिहायचे, बाजूला किती जणांचं टाकलं होतं तेही. संगणकाच्या तक्त्यापेक्षा कालनिर्णयसारखं कॅलेंडर इथे जास्त उपयोगाचं, कारण त्यात वाराबरोबर तिथी आणि सण छापलेले असतात. रांजणगाव हे अष्टविनायकांपैकी महागणपतीचं ठिकाण. संकष्टीला तिथल्या मेसमध्ये दुपारचे जेवणारे घटतात. रात्री चंद्रोदयानंतर उपास सोडणारे एकदम आणि उशिरा येतात. अंगारकी असेल तर हा फरक आणखी वाढतो. संकष्टी इंग्रजी तारखेने येत नाही, त्यामुळे "गेल्या महिन्याच्या दहा तारखेला किती जेवले" या प्रश्नाचा उपयोग नाही. "गेल्या संकष्टीला किती जेवले" हे विचारावं लागतं. श्रावणी सोमवार, एकादशी, नवरात्र यांचंही असंच. याउलट पगाराचे दिवस इंग्रजी तारखेने चालतात. पगार झाल्यावरच्या दोन-तीन रात्री मुलं बाहेर चिकन खायला जातात, लांब सुट्टीला जोडून गावी जातात. एकाच चौकटीत दोन्ही कालगणना असल्या की हे सगळं आपोआप नजरेस येतं. तुलना नेहमी वार बघून वाराशी करावी. कंपनीच्या साप्ताहिक सुट्टीचा दिवस बाकीच्या दिवसांत मिसळला तर सगळी सरासरी बिघडते.

अंदाजाला मदत करणारी दुसरी गोष्ट म्हणजे खाड्याचा नियम. अनेक मेसमध्ये सलग तीन-चार दिवस गैरहजर राहिलं तरच खाडा धरतात. मालकाला वाटतं, एका रात्रीचे पैसे परत द्यावे लागले नाहीत, फायदा झाला. पण या नियमामुळे एका रात्रीसाठी बाहेर जाणारा मुलगा सांगतच नाही, कारण सांगून त्याला काही मिळत नाही. मालक पैसे ठेवून घेतो आणि त्याच्या वाट्याचं ४० रुपयांचं अन्न फेकतो. नियम असा बदलता येतो: दुपारी तीनच्या आत कळवलं तर त्या रात्रीचे २० रुपये पुढच्या महिन्यात वजा. तीन ही वेळ अशासाठी की भाजी चिरायला आणि डाळ शिजायला त्यानंतरच सुरुवात होते. कळवलेल्या प्रत्येक खाड्यात ४० वाचतात आणि २० जातात. मात्र ज्यांनी कॅलेंडर ठेवून अंदाज आधीच पन्नासवर आणला आहे त्यांना यातून पूर्ण वीस रुपये सुटणार नाहीत, कारण नेहमीचे गैरहजर त्यांनी आधीच वजा केलेले आहेत. त्यांना फायदा होतो तो अचानक मोठा गट गैरहजर राहतो तेव्हा, म्हणजे एखाद्या कंपनीत ओव्हरटाइम लागला, खोलीतले सहाही जण एका लग्नाला गेले, अशा वेळी. ज्या मेसमध्ये सभासद गटागटाने राहतात, तिथे खाड्याचा नियम लगेच बदलावा असं माझं स्पष्ट मत आहे.

अंदाज कितीही चांगला असला तरी तो दुपारचा असतो आणि जेवणारे रात्री येतात. म्हणून सगळं एकदम शिजवू नये. डाळ शिजवून ठेवावी, पण फोडणी अर्ध्याच डाळीला द्यावी. बिनफोडणीची शिजलेली डाळ लवकर गार करून फ्रिजमध्ये ठेवली तर दुसऱ्या दिवशी वापरता येते. कांदा-खोबऱ्याचं वाटण वेगळं ठेवावं. भाकरीत तर हा विचार मुळातच आहे, कारण ज्वारीचं पीठ एका वेळी दोन-चार भाकऱ्यांपुरतंच मळतात.

भाताचं गणित जरा सविस्तर पाहू. जुना कोलम असेल तर एक किलो तांदळाचा साधारण पावणेतीन किलो भात होतो. नवा तांदूळ पाणी कमी घेतो आणि कमी फुगतो, म्हणून पोतं बदललं की एकदा कोरडा तांदूळ आणि शिजलेला भात तोलून पाहावा. मेसमध्ये माणशी २०० ग्रॅम भात धरला तर पन्नास जणांना दहा किलो, म्हणजे ३ किलो ६५० ग्रॅमच्या आसपास तांदूळ लागेल. पहिल्या खेपेला अडीच किलोच टाकावा. त्यात चौतीस जण निघतात. साडेसात ते दहा अशी मेस असेल तर साडेआठपर्यंत किती जण बसून गेले ते मोजावं. एरवी साडेआठला तीस झालेले असतात आणि शेवटी आकडा अठ्ठेचाळीसवर जातो, असं कॅलेंडर सांगत असेल, आणि आज पंचवीसच झाले असतील, तर आजचा शेवटचा आकडा चाळीसच्या जवळ राहील. मग दुसऱ्या खेपेला ४५० ग्रॅम तांदूळ पुरतो. एरवीसारखे तीस झाले असतील तर सव्वा किलोच्या आत-बाहेर टाकावा. तांदूळ हा निर्णय झाल्यावरच धुवावा. भात शिजायला पंचवीस मिनिटं लागतात, म्हणून साडेआठची वेळ चुकवून चालत नाही. नऊला निर्णय घेतला तर माणसं ताटावर खोळंबतात, आणि मग दुसऱ्या दिवसापासून सगळा भात पुन्हा एकदम टाकला जातो.

आता वाढप. महाराष्ट्र सरकारने २६ जानेवारी २०२० पासून सुरू केलेल्या शिवभोजन थाळीचं प्रमाण ग्रॅममध्ये ठरवलेलं होतं: ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भाताची मूद, १०० ग्रॅम वरण. कारखान्यात राबणाऱ्या माणसाचं रात्रीचं जेवण याहून मोठं असतं, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे उचलायचे नाहीत. पण पदार्थागणिक वजन ठरवण्याची पद्धत उचलण्यासारखी आहे. मेसमध्ये वाढायला वेगवेगळे हात असतात आणि प्रत्येकाची पळी वेगळी भरते. रोज ताणकाटा घेऊन कोणी वाढणार नाही, म्हणून भांडंच ठरवून टाकावं. भाजीला एकच मापाची वाटी, भाताला एकच मूद पाडायची वाटी, आमटीला एकच पळी. एकदा तोलून ती भांडी पक्की करायची आणि बाकीची वाढपाच्या जागेवरून हलवायची.

पोटभर जेवणाच्या मेसमध्ये कमी वाढणं म्हणजे चिकटपणा, असा समज असतो. तो मोडायला एकच उपाय आहे: पहिली वाढ बेताची आणि दुसरी वाढ मागण्याआधी. पहिल्या वाढीला एक मूद भात आणि मग वाढपी पुन्हा फिरून विचारतो, "भात देऊ का?" असं झालं तर कोणी उपाशी उठत नाही. दुसरी वाढ मिळेल याची खात्री नसली की माणूस पहिल्याच वाढीला ताट भरून घेतो आणि मग अर्धं टाकतो.

उष्ट्याच्या बादलीत काय पडतं ते वजनाबरोबर डोळ्यांनीही पाहावं. भाकरी संपलेली आणि भाजी उरलेली असेल तर वाटी मोठी आहे किंवा भाजी बिघडली आहे. चारच ताटांत भाजी असेल तर त्या चौघांची आवड. तीस ताटांत असेल तर स्वयंपाकाचा प्रश्न. डब्यांचं वेगळं आहे, कारण तिथे दुसरी वाढ नसते. रात्रपाळीच्या डब्यात भात बहुधा वाळून परत येतो. परत आलेला डबा घासायला टाकण्याआधी कोणत्या खणात काय राहिलं ते आठवडाभर लिहिलं, तर अर्धा भात आणि एक भाकरी जास्त अशी अदलाबदल कोणाला हवी आहे ते न विचारताही कळतं.

एवढं करूनही थोडा भात उरेलच, आणि इथे काटकसर धोक्याची ठरू शकते. तांदळावर बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. भात शिजताना ते मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते रुजतात, वाढतात आणि त्यांच्यातले काही उलट्या करवणारं विष तयार करतात. हे विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. रात्रभर पातेल्यात झाकून ठेवलेला भात सकाळी कडकडीत फोडणी दिली तरी सुरक्षित होत नाही तो यामुळे, आणि बऱ्याचदा त्याला वासही येत नाही. अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जितका कमी वेळ राहील तितकं बरं. मोठ्या पातेल्यातला भात बाहेरून गार वाटला तरी मध्यभागी कित्येक तास गरम राहतो. उरलेला भात लगेच रुंद परातीत दोन-तीन बोटं जाडीचा पसरावा, पंख्याखाली गार करावा आणि दोन तासांच्या आत उथळ डब्यांतून फ्रिजमध्ये ठेवावा. दुसऱ्या दिवशी त्याचा फोडणीचा भात एकदाच करावा. त्यातूनही उरला तर तो टाकून द्यावा. एप्रिल-मेमध्ये दौंडला पारा चाळिशीवर जातो आणि वीज गेली की फ्रिजचाही भरवसा नसतो. अशा रात्री दोन तासांची वाट पाहू नये, आणि फ्रिज बराच वेळ बंद राहिला असेल तर भात वाचवायचा मोह आवरावा.

कोरड्या मालात दोन गोष्टींवर या भागातल्या मेसचे पैसे जातात. एक म्हणजे ज्वारीचं दळण. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना कडा फाटतात, तव्यावर तुटतात आणि तुटलेल्या भाकऱ्या जेवणारे बाजूला सारतात. महिन्याचं दळण एकदम आणण्यापेक्षा आठवड्याचं आणावं. ज्वारी टिकते, पीठ टिकत नाही.

दुसरा कांदा. शिरूर-दौंड हा कांदा पिकवणारा भाग, त्यामुळे ओळखीच्या शेतकऱ्याकडून गोणी स्वस्त मिळते आणि एकदम तीन-चार गोण्या घेतल्या जातात. पण कोणता कांदा आहे ते पाहिलं जात नाही. मार्च-एप्रिलमध्ये निघणारा उन्हाळ, म्हणजे गावरान कांदा नीट वाळलेला असेल तर चार-पाच महिने टिकतो. पावसाळी हंगामाचा हळवा लाल कांदा पाणीदार असतो आणि काही आठवड्यांतच कोंब धरतो किंवा सडतो. तो आठवड्याच्या गरजेपुरताच घ्यावा, स्वस्त असला तरी. शेतकऱ्याची कांदाचाळ जमिनीपासून उंच आणि खालून-बाजूने फटींची असते ती वारा खेळावा म्हणून. मेसमध्ये कांदा गोणीतच भिंतीला टेकवून ठेवतात, आणि तळाशी एक सडला की त्याच्या पाण्याने आजूबाजूचे भिजतात. जाळीचे क्रेट विटांवर ठेवून त्यात कांदा पातळ थरात भरावा, आठवड्यातून एकदा हाताने फिरवून मऊ कांदे आधी वापरायला काढावेत, बटाटे दूर ठेवावेत.

हे सगळं सभासदांच्या मेसला लागू पडतं. दौंड जंक्शनबाहेर किंवा सोलापूर रस्त्यावर पाटस-यवतकडे जो येईल त्याला जेवण देणाऱ्याचा अंदाज वेगळ्या ठिकाणी थांबवावा लागतो. समजा थाळी ८० रुपयांना आहे आणि कच्चा माल ४५ रुपयांचा. एक थाळी उरली तर ४५ रुपये गेले. एक गिऱ्हाईक परत गेलं तर ३५ रुपयांचा नफा हुकला. उरण्याचा तोटा हुकण्याच्या तोट्यापेक्षा मोठा आहे, म्हणून दहापैकी आठ दिवस पुरेल एवढं करणं इथे परवडत नाही. दहापैकी चार-साडेचार दिवस पुरेल एवढंच करावं, म्हणजे मधल्या आकड्याच्या थोडं खाली थांबावं. गणितात याला वृत्तपत्र विक्रेत्याचा प्रश्न म्हणतात, कारण सकाळी किती अंक उचलायचे हे ठरवताना त्यालाही उरलेला अंक आणि हुकलेलं गिऱ्हाईक यांची अशीच तुलना करावी लागते. ज्याच्याकडे रोजचीच गिऱ्हाइकं जास्त आहेत त्याला परत गेलेलं माणूस ३५ रुपयांहून कितीतरी महाग पडतं, त्याने आकडा वर सरकवावा. आणि गाडीचं वेळापत्रक बदललं, जवळच्या कारखान्याची पाळी बदलली किंवा उसाचा गळीत हंगाम संपून वाहतुकीचे ट्रॅक्टर थांबले, की कॅलेंडरातले जुने आकडे बाजूला ठेवून नव्या चौकटी पहिल्यापासून भरायला घ्याव्यात.